घनता वाढली, पण हाडं मोडायची थांबली का?

नव्या औषधांच्या अर्जांवर शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीवर काम करत असल्यामुळे तुमच्यापुढे येणाऱ्या फायली माझ्याही टेबलावरून जातात. त्यातलं एक वाक्य इतकं ठरलेलं आहे की ते वाचताना आता नजर थांबतही नाही. "या निकषाचा रुग्णाच्या अंतिम परिणामाशी दृढ संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे." वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण रुग्णाच्या अंतिम परिणामाऐवजी मोजला जाणारा निकष, म्हणजे सरोगेट, मान्य करायचा की नाही, या प्रश्नाला ते उत्तरच नाही आणि चर्चा मात्र अनेकदा त्यावरच संपते. हे पत्र त्यासाठी. सगळ्या रोगांचा आढावा घेत बसत नाही. हाडांच्या घनतेचं एकच प्रकरण नीट उलगडतो, कारण सरोगेट कुठे फसवतो आणि कुठे उपयोगी पडतो, हे दोन्ही त्यात दिसतं.

ऑस्टिओपोरोसिस झालेल्या बाईला भीती असते ती खुबा मोडून अंथरुणाला खिळण्याची, मणके दबून पाठीत बाक येण्याची. पण खुब्याची फ्रॅक्चर मोजायची तर हजारो बायका तीन-चार वर्षं ट्रायलमध्ये ठेवाव्या लागतात. त्याऐवजी डेक्सा स्कॅनवर हाडांची घनता, म्हणजे बीएमडी मोजली, तर काही शे बायका आणि दोन वर्षं पुरतात. मोह समजण्यासारखा आहे. संबंधही पक्का आहे. खुब्याची घनता एका प्रमाण विचलनाने कमी असेल, तर खुबा मोडण्याचा धोका सुमारे २.६ पट होतो, हे १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. वैद्यकात इतकी ताकदवान भाकितं फार नाहीत.

आता फ्लोराइड बघा. मेयो क्लिनिकच्या लॉरेन्स रिग्ज आणि सहकाऱ्यांची ट्रायल १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. पाळी थांबलेल्या, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या आणि आधीच मणक्यांची फ्रॅक्चर झालेल्या २०२ बायका. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, दुसऱ्याला प्लासिबो, आणि कॅल्शियम दोन्हीकडे. चार वर्षांत फ्लोराइड गटात कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. आजची चांगली औषधंसुद्धा या आकड्याच्या जवळपास जात नाहीत. फाईल एवढ्यावर संपली असती, तर कोणीही डोळे झाकून सही केली असती.

पण त्या ट्रायलमध्ये फ्रॅक्चरही मोजली होती. मणक्यांची नवी फ्रॅक्चर फ्लोराइड गटात १६३ आणि प्लासिबो गटात १३६ निघाली. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला, म्हणजे फायदा काहीच नाही. मणक्याबाहेरची फ्रॅक्चर मात्र ७२ विरुद्ध २४. तिप्पट. हा योगायोग नव्हता.

हे का झालं याचा माग त्याच आकड्यांत आहे. मणक्यांत ३५ टक्के वाढ होत असताना हाताच्या रेडियस हाडाच्या दांड्यात घनता ४ टक्क्यांनी घटली. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं, हातापायांच्या लांब हाडांची भिंत घट्ट असते. फ्लोराइडने जाळीदार हाडात भर घातली आणि घट्ट हाड पातळ केलं. शिवाय फ्लोराइड हाडाच्या खनिज स्फटिकात जाऊन बसतं. असं हाड स्कॅनवर घन दिसतं, पण त्याची बांधणी सदोष असते. डेक्सा यंत्र क्ष-किरण किती अडले तेवढंच सांगतं. ते हाड वाकलं तर टिकेल की मोडेल, हे त्याला कळत नाही.

म्हणून त्या ठरलेल्या वाक्याबद्दल तक्रार. ज्या बायकांची घनता मुळात कमी असते त्यांची हाडं जास्त मोडतात, ही माणसामाणसांतल्या फरकाची गोष्ट झाली. औषधाने घनता वाढवली की हाडं कमी मोडतील का, हा औषधाने घडवलेल्या फरकाचा प्रश्न आहे. पहिल्या गोष्टीचा कितीही पुरावा जमवला तरी तो दुसऱ्याचा पुरावा होत नाही.

मग दुसऱ्याचा पुरावा कसा असतो? सांख्यिकीतज्ज्ञ रॉस प्रेंटिस यांनी १९८९ मध्ये एक कडक अट मांडली. सरोगेटची पातळी माहीत झाल्यावर रुग्णाला औषध मिळालं होतं की प्लासिबो, या माहितीने अंतिम परिणामाच्या अंदाजात काहीच भर पडता कामा नये. म्हणजे औषधाचा सगळा परिणाम त्या सरोगेटच्या वाटेनेच जायला हवा. विचार म्हणून सुरेख, पण एका ट्रायलमधून ही अट सिद्ध करणं जवळजवळ अशक्य, आणि प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली जाते. म्हणून पुढे काम वेगळ्या दिशेने गेलं: अनेक रँडमाइज्ड ट्रायल एकत्र ठेवून बघायचं.

त्यातली कृती साधी आहे. प्रत्येक ट्रायलचा आलेखावर एक ठिपका. आडव्या अक्षावर औषध आणि प्लासिबो गटांतल्या घनतेतल्या बदलाचा फरक, उभ्या अक्षावर फ्रॅक्चरच्या धोक्यात पडलेला फरक. ठिपके एका रेषेजवळ बसले, तर घनतेतला फरक पाहून फ्रॅक्चरमधला फरक सांगता येतो. विखुरले, तर नाही. इथे तुलना ट्रायलची ट्रायलशी होते आणि प्रत्येक ठिपक्यामागे रँडमायझेशन असतं. ज्यांची हाडं मुळातच मजबूत होती त्यांच्यामुळे चित्र बिघडत नाही.

हाडांच्या बाबतीत हे काम खरंच झालं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात प्लासिबोशी तुलना केलेल्या २३ ट्रायलमधल्या ९१,७७९ व्यक्तींची एकेकाची माहिती एकत्र केली होती. २४ महिन्यांत एकूण खुब्याच्या घनतेत पडलेला फरक हा सरोगेट. मणक्यांच्या फ्रॅक्चरसाठी r² ०.७३ आला. म्हणजे ट्रायलट्रायलमध्ये फ्रॅक्चरच्या परिणामात जो कमीजास्तपणा होता, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश घनतेतल्या फरकावरून सांगता आला.

मणका सोडून खुबा का, असं कोणी विचारेल. मणक्याची घनता फसवी असते. वयानुसार मणक्यांच्या कडांना हाड वाढतं, ते स्कॅनमध्ये धरलं जातं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे मणका दबून मोडला, तर तेवढंच खनिज कमी क्षेत्रफळात येतं आणि घनता वाढल्यासारखी दिसते. जी दुर्घटना टाळायची तीच सरोगेटला सुधारून दाखवते! मणक्याची घनता हा मुख्य निकष असलेली फाईल आली, तर मोडलेले मणके मोजणीतून वगळले होते का, हे आधी विचारा.

इथे एक कोडं आहे आणि समितीच्या बैठकांत त्यावरून खूप गोंधळ होतो. अलेंड्रोनेट या ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्ये एकेका बाईच्या पातळीवर हिशेब केला, तेव्हा मणक्यांच्या फ्रॅक्चरमधल्या घटीपैकी जेमतेम १६ टक्के घट घनतेतल्या वाढीने समजावता आली. रॅलॉक्सिफेनच्या बाबतीत तर ४ टक्के. मग २३ ट्रायलमध्ये ०.७३ कसा? एक बाजू म्हणते सरोगेट निरुपयोगी, दुसरी म्हणते उत्तम, आणि दोघांच्या हातात खरे आकडे.

कोड्याचा मोठा भाग मोजणीच्या चुकीत आहे. एकाच बाईला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवलं आणि लगेच स्कॅन केला, तरी खुब्याचा आकडा एक-दीड टक्क्याने हलू शकतो. दोन स्कॅनची तुलना करायची म्हणजे ही चूक दोनदा आली. एका व्यक्तीत साडेतीन टक्क्यांच्या आतला बदल खरा की मोजणीतला, हे ठामपणे सांगता येत नाही, आणि औषधांची सरासरी वाढ बहुधा तेवढीच असते. मग एकेका व्यक्तीच्या हिशेबात सरोगेट दुबळा दिसणारच. शेकडो जणींची सरासरी काढली की ही चूक विरून जाते आणि गटाचा आकडा नेमका होतो. रॅलॉक्सिफेनचं कारण मात्र एवढंच नसावं. त्याकडे पुढे येतो. या कोड्यातून तुमच्या कामाचा निष्कर्ष असा: एखादा निकष एका रुग्णाच्या उपचारात फारसा उपयोगी नसूनही औषधाच्या मूल्यमापनात उपयोगी असू शकतो. फ्लोराइडने उलट बाजू दाखवली. व्यक्तीव्यक्तींमधला संबंध भक्कम असला तरी औषधाच्या बाबतीत तो कोसळू शकतो. म्हणून अर्जदाराने "संबंध" म्हटलं की कोणत्या पातळीवरचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे. नुसत्या r² वर निर्णय घेता येत नाही. त्या आलेखातून आणखी एक आकडा निघतो, तो जास्त कामाचा. रेषेभोवती नव्या ट्रायलसाठीच्या अंदाजाचा पट्टा काढतात. हा पट्टा पूर्णपणे फायद्याच्या बाजूला जायला घनतेत किमान किती फरक पडायला हवा, तो सरोगेटचा उंबरठा. २०२० च्या विश्लेषणात हा उंबरठा मणक्यांच्या फ्रॅक्चरसाठी १.४२ टक्के आणि खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी ३.१८ टक्के निघाला. सरोगेट एकच, पण वेगवेगळ्या फ्रॅक्चरसाठी त्याची किंमत वेगळी.

एक काल्पनिक अर्ज घेऊ. नवं औषध, ६०० बायका, निम्म्या प्लासिबोवर. २४ महिन्यांनी एकूण खुब्याच्या घनतेत ३.४ टक्क्यांचा फरक, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल २.९ ते ३.९. अर्जदार म्हणतो, ३.४ हा आकडा ३.१८ च्या वर आहे, म्हणजे औषध खुब्याचं फ्रॅक्चर टाळतं असं लेबलवर लिहू द्या. इथे थांबायला हवं. ३.४ हा अंदाज आहे, खरा फरक २.९ सुद्धा असू शकतो, आणि २.९ उंबरठ्याच्या खाली आहे. उंबरठ्याशी तुलना इंटरव्हलच्या खालच्या टोकाची करायची. त्या हिशेबाने मणक्यांच्या फ्रॅक्चरचा दावा आरामात टिकतो, खुब्याचा टिकत नाही. मी असतो तर पहिला दावा पुढच्या प्रश्नांसाठी विचारात घेतला असता आणि दुसरा परत पाठवला असता.

त्याआधी आणखी एक पान उलटलं असतं: ६०० पैकी किती जणींचा दुसरा स्कॅन झाला? फ्लोराइडच्या ट्रायलमध्ये २०२ पैकी १३५ जणींनीच चार वर्षं पूर्ण केली. ज्या सोडून जातात त्या बऱ्याचदा त्रास झाल्यामुळे जातात. उरलेल्यांच्याच घनतेची सरासरी काढली, तर रँडमायझेशनचा फायदा हातचा जातो आणि २.९ ते ३.९ हा नेटका इंटरव्हल खोट्या खात्रीचा ठरतो.

पुढचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि फायलीत तो बहुधा विचारलेलाच नसतो. हे नवं औषध त्या आलेखावर बसतं का? २३ ट्रायलपैकी १२ बिसफॉस्फोनेट औषधांच्या होत्या. म्हणजे निम्मे ठिपके एकाच कुळातले, हाडाची झीज एकाच पद्धतीने थांबवणारे. बाकीच्यांत इस्ट्रोजेन रिसेप्टरवर काम करणाऱ्या, पॅराथायरॉइड हॉर्मोनच्या मार्गाने हाड घडवणाऱ्या आणि इतर काही औषधांच्या ट्रायल होत्या. फ्लोराइड त्यात नव्हतं. त्यामुळे ०.७३ हा आकडा "घनता वाढवणाऱ्या कोणत्याही औषधा"साठी नाही, या कुळांसाठी आहे. अर्जदाराकडे एक साधी तपासणी मागा: एकेक कूळ बाजूला ठेवून उरलेल्यांवरून रेषा काढा आणि बाजूला ठेवलेल्या कुळाचं भाकीत किती जमतं ते दाखवा. जे कूळ कधी पाहिलेलं नाही तिथे काय होईल याची थोडीफार कल्पना त्यातून येते.

ही धास्ती उगीच नाही. रॅलॉक्सिफेन घ्या. तीन वर्षांत घनतेत दोन-अडीच टक्क्यांची वाढ, पण मणक्यांची फ्रॅक्चर ३० टक्क्यांनी कमी. रेषेवरून अपेक्षा असेल त्याहून हे बरंच जास्त आहे, म्हणजे घनतेच्या वाटेबाहेरही औषध काम करत होतं. त्याच वेळी मणक्याबाहेरची फ्रॅक्चर कमी झाल्याचं दिसलं नाही. स्ट्रॉन्शियम रॅनिलेटची तऱ्हा आणखी वेगळी. स्ट्रॉन्शियमचा अणुक्रमांक ३८, कॅल्शियमचा २०. हाडात कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम बसलं की ते क्ष-किरण जास्त अडवतं आणि हाडात भर न पडताही यंत्र घनता वाढल्याचं सांगतं. २००४ च्या ट्रायलमध्ये मणक्याची घनता १४.४ टक्के वाढलेली दिसली. त्यातली जवळपास निम्मी वाढ या अणूंच्या जडपणाची. मणक्यांची फ्रॅक्चर तरीही ४१ टक्क्यांनी घटली. तीन औषधं, घनता तिघांनीही वाढवली. एकाने हाडं मोडली, दुसऱ्याने वाढीच्या मानाने जास्त वाचवली, तिसऱ्याच्या वाढीतला अर्धा भाग भासाचा. म्हणून नव्या मार्गाने काम करणाऱ्या पहिल्या औषधाला केवळ घनतेवर मान्यता देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कुळातल्या पहिल्याने फ्रॅक्चर मोजून दाखवावीत. मागून येणाऱ्यांना घनतेची सवलत मिळू द्या.

आणि सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते. ओडानाकॅटिबच्या ट्रायलमध्ये १६,०७१ बायका होत्या. घनता वाढली, खुब्याची फ्रॅक्चर सुमारे निम्म्यावर आली. सरोगेटने अगदी खरं सांगितलं. पण पक्षाघाताचं प्रमाण १.३ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर गेलं आणि २०१६ मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिलं. हाच धोका आपल्या काल्पनिक ६०० जणींच्या ट्रायलमध्ये टाकून बघा. प्लासिबो गटात चार पक्षाघात, औषध गटात पाच. कोणाच्या नजरेत भरेल? सरोगेट वापरला की ट्रायल लहान होते आणि लहान ट्रायलला दुर्मीळ अपाय दिसत नाहीत. सरोगेट कितीही खरा असला तरी हे टळत नाही. मान्यता देताना सुरक्षिततेसाठी वेगळी, मोठी नोंद मागायला हवी. ती "पुढे करू" या आश्वासनावर सोडू नये. किती व्यक्ती, किती काळ आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मान्यतेच्या अटीत असावं.

जाता जाता एक कुरबुर. आपण "अंतिम परिणाम" म्हणतो तोही पुष्कळदा अर्धा सरोगेटच असतो. या ट्रायलमधली मणक्यांची फ्रॅक्चर बहुतांशी क्ष-किरण चित्रावर मोजलेली असतात. मणक्याची उंची २० टक्क्यांनी आणि किमान ४ मिलिमीटरने कमी झाली की फ्रॅक्चर, अशा धर्तीची व्याख्या असते. अशा फ्रॅक्चरपैकी साधारण एक तृतीयांशच रुग्ण स्वतः तक्रार घेऊन येण्याइतकी जाणवतात. ०.७३ हा देखणा आकडा या मोजमापाशी असलेल्या संबंधाचा आहे. जिच्यामुळे माणसाला दुसऱ्याच्या आधाराने जगावं लागतं त्या खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी उंबरठा दुपटीहून वर आहे. रुग्ण प्रतिनिधी समितीत असतील तर त्यांना r² समजावण्याआधी विचारा, कोणतं फ्रॅक्चर टळावं असं त्यांना वाटतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत सरोगेटच्या आधारावर अर्ज आला, तर ते ठरलेलं वाक्य बाजूला ठेवून एवढं मागा: सगळ्या रँडमाइज्ड ट्रायलचा ठिपक्यांचा आलेख, त्यात हरलेल्या औषधांसकट, उंबरठ्याचा आकडा आणि त्याशेजारी नव्या ट्रायलच्या इंटरव्हलचं खालचं टोक, आणि या औषधाचं कूळ त्या आलेखात नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं एक वाक्य. आलेखच देता येत नसेल तर तो निकष अजून सरोगेट झालेला नाही, तो नुसतं मोजमाप आहे. मग लेबलवरही तेवढंच लिहा: हे औषध घनता वाढवतं, फ्रॅक्चर टाळतं की नाही हे तपासलेलं नाही.

आपला,
चाचण्यांची आकडेमोड करणारा एक सांख्यिकीतज्ज्ञ